भिंगाच्या गणिताचा ताळा जुळतो, मग उत्तर का जुळत नाही?

प्रश्न: मुलगी दहावीला आहे, तिची वही तपासतोय. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 10 सेमी, 2 सेमी उंचीची वस्तू भिंगापासून 15 सेमीवर. तिने u = −15 घेतलं. उत्तर आलं v = 6 सेमी; प्रतिमा वास्तव, उलट, 0.8 सेमी उंच. ताळा करून पाहिला, तोही जुळला. पण मागे उत्तर 30 सेमी छापलंय. पुस्तक चुकलं की आम्ही? (चोपडा)

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे, प्रतिमा 30 सेमीवरच पडते. पायऱ्या तुम्ही लिहिल्या नाहीत, पण नुसत्या 6 या आकड्यावरून वही डोळ्यासमोर येते. अमळनेरकडच्या एका शाळेत मी बावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवतोय, आणि हा 6 मला जवळजवळ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात भेटतो. वहीत बहुतेक असं असेल:

```
u = −15,  f = +10
1/v − 1/u = 1/f
1/v = 1/f + 1/u
1/v = 1/10 + 1/15 = 5/30 = 1/6
v = 6
```

तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं ठीक आहे. चौथ्या ओळीत −15 चा 15 झाला. मुलं हे आळसाने करत नाहीत, त्यांच्या डोक्यात एक हिशेब असतो: उणे होता तो मी पलीकडे नेला, त्याचा अधिक झाला, म्हणजे उण्याचं काम संपलं. पण इथे उणे दोन होते. एक सूत्राचा स्वतःचा, जो पलीकडे जाताना अधिक झाला. दुसरा वस्तूच्या अंतराचा, तो u च्या पोटात बसलेला. तिने एकच खर्च केला आणि दुसरा वरच्या ओळीतच राहिला.

मग विशालन काढताना तो राहिलेला उणे परत हजर होतो. M = v/u = 6/(−15) = −0.4, म्हणून प्रतिमेची उंची 2 × (−0.4) = −0.8 सेमी. म्हणजे एकाच गणितात u आधी +15 होता आणि नंतर −15 झाला. गंमत अशी की या धरसोडीतूनच उत्तर शहाण्यासारखं दिसायला लागतं. v अधिक आला म्हणून वास्तव, M उणे आला म्हणून उलट. वास्तव प्रतिमा उलटच असते, हे तिला पाठ आहे, त्यामुळे शंका येत नाही. तिने दोन्हीकडे +15 च ठेवला असता तर M = +0.4 आला असता, म्हणजे वास्तव आणि सुलट, आणि ती तिथेच अडखळली असती.

आता ताळ्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गाठ तीच आहे. तुम्ही 1/6 − 1/15 केलं असेल, ते बरोबर 1/10 येतं. ताळा खोटा नाही. त्याने एवढंच सांगितलं की u = +15 धरला तर v = 6 येतो. u चं चिन्ह योग्य होतं की नाही, हे ताळ्याला कळायचा काही मार्गच नाही, कारण ताळ्यातही तुम्ही तोच 15 घातला.

वर्गात मी यासाठी आपली रेल्वे लाईन वापरतो. भिंग म्हणजे अमळनेर स्टेशन. उजेड सुरतेकडून भुसावळकडे जाणारी गाडी. गाडी जाते त्या बाजूचं, म्हणजे धरणगावकडचं, अंतर अधिक. गाडी आली त्या बाजूचं, म्हणजे नरडाण्याकडचं, अंतर उणे. मोजायचं मात्र नेहमी अमळनेरपासून. वस्तू नरडाण्याकडे उभी आहे, तिथूनच तर उजेड निघाला. म्हणून u उणे. चिन्ह म्हणजे दुसरं काही नाही, कुठल्या बाजूला ते. एखाद्या पोराने u = +15 लिहिलं की मी फळ्यावरच्या आकृतीकडे बोट करून विचारतो, "दिवा कथा शे, भो?" तो धरणगावकडे दाखवायला लागला की वर्ग हसतो, आणि उणे जागेवर येतो.

पण u = +15 ला काही अर्थच नाही असंही समजू नका. समजा भिंगाच्या आधी आणखी एक भिंग आहे आणि त्याने किरण आधीच गोळा करायला घेतलेत. आपलं भिंग मध्ये नसतं, तर ते किरण धरणगावच्या बाजूला 15 सेमीवर एकत्र आले असते. अशा आकुंचत येणाऱ्या किरणांसाठी u = +15 हेच बरोबर. आपलं भिंग त्यांना आणखी वळवतं आणि ते 15 ऐवजी 6 सेमीवरच भेटतात. म्हणजे तुमच्या मुलीचं 6 हे बरोबर उत्तर आहे, फक्त तो प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ताळा जुळला तो याचमुळे.

मग चूक पकडायची कशी? सूत्र बाजूला ठेवून भिंगाला विचारायचं. खूप लांबच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगाशी समांतर पोचतात आणि भिंग त्यांना 10 सेमीवर, नाभीवर, एकत्र आणतं. वस्तू जवळ आणली की तिचे किरण फाकत फाकत येतात. भिंगाची वळवायची ताकद तेवढीच, पण किरण आधीच फाकलेले. मग ते 10 च्या आत कसे भेटतील? लांबच भेटणार. म्हणून समोर खरीखुरी वस्तू असेल तर बहिर्वक्र भिंगाची पडद्यावरची प्रतिमा नाभीच्या अलीकडे पडूच शकत नाही. f = 10 असताना v = +6 दिसला, की पुढचं वाचायची गरज नाही.

उंचीही तेच सांगते. वस्तू 15 सेमीवर, म्हणजे 10 आणि 20 च्या मध्ये, F₁ आणि 2F₁ च्या दरम्यान. पुस्तकातल्या किरणाकृत्यांमध्ये या जागेसाठी प्रतिमा 2F₂ च्या पलीकडे आणि वस्तूपेक्षा मोठी दिलेली आहे. 0.8 सेमीची लहान प्रतिमा तिथे बसत नाही. ती आकृत्यांची पानं मुलं पाच मार्कांसाठी पाठ करतात आणि गणित करताना उघडत नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

बरोबर मांडणी अशी:

```
1/v − 1/u = 1/f
1/v − 1/(−15) = 1/(+10)
1/v + 1/15 = 1/10
1/v = 3/30 − 2/30 = 1/30
v = +30
M = v/u = (+30)/(−15) = −2
उंची = 2 × (−2) = −4
```

प्रतिमा भिंगाच्या पलीकडे 30 सेमीवर, वास्तव, उलट, 4 सेमी उंच. बदल दोनच केले. पदं इकडची तिकडे न्यायच्या आधी किमती घातल्या, आणि प्रत्येक किंमत चिन्हासकट कंसात घातली. कंस असला की आतला उणे गळून पडत नाही. u एकदा −15 लिहिला की उत्तराची शेवटची ओळ येईपर्यंत तो −15 च.

घरी पटवून द्यायचं असेल तर 10 सेमीचं भिंग शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. मेणबत्ती 15 सेमीवर ठेवा, अंधार करा, आणि पलीकडे 6 सेमीवर कागद धरा. ज्योत दिसणार नाही. भिंगाचा व्यास 5 सेमी असेल तर चारेक सेमीचा उजेडाचा नुसता गोळा दिसेल, कारण 30 सेमीवर भेटायला निघालेले किरण तिथे जेमतेम आकसायला लागलेले असतात. कागद मागे नेत राहा, तिशीच्या आसपास उलटी, दुप्पट ज्योत उमटेल.

"आसपास" मुद्दाम म्हटलं. f मोजताना पाच मीटरवरच्या खिडकीची प्रतिमा घेतली तर 10 ऐवजी 10.2 भरतं, आणि तो आकडा धरून गणित केलं तर प्रतिमा जवळपास 32 सेमीवर यायला हवी असं निघतं. भिंग खरंच साडेदहाचं असलं तर ती 35 वर जाते. वस्तू नाभीजवळ असते तेव्हा f मधला अर्धा सेमी v मध्ये पाच सेमी होऊन बसतो. तेव्हा f काढायला गावाबाहेरची पाण्याची टाकी किंवा लांबचं झाड घ्या, आणि प्रतिमा 31 वर मिळाली म्हणून सूत्रावर संशय घेऊ नका. 6 आणि 30 मधला फरक मात्र असल्या चुकांतून येत नाही.

ही सवय येते कुठून, याबद्दल माझा एक अंदाज आहे. नववीत गोलीय आरशाचं सूत्र 1/v + 1/u = 1/f येतं आणि विशालन −v/u. दहावीत भिंगाचं 1/v − 1/u = 1/f आणि विशालन v/u. कार्टेशियन चिन्ह संकेत दोन्हीकडे आहे, पण सूत्रातली चिन्हं वेगळी. अर्धा वर्ग आरशाचं सूत्र भिंगाला लावतो. गंमत म्हणजे त्यात u = −15 प्रामाणिकपणे घातला तरी 1/v = 1/10 + 1/15 च येतं, पुन्हा 6. तेव्हा वहीत आधी कुठलं सूत्र लिहिलंय ते एकदा बघून घ्या. आकडा तोच असला तरी समजावून सांगायची गोष्ट वेगळी असेल.

एक जागा उरली. आता ती चिन्हांना घाबरेल आणि उलट्या बाजूने चुकेल. तेच भिंग घेऊन वस्तू 6 सेमीवर ठेवायला सांगा. वस्तू नाभीच्या आत, प्रतिमा आभासी, हे तिला ठाऊक असेल, म्हणून ती सुरुवातीलाच v च्या जागी −v लिहील. मग −1/v = 1/10 − 1/6 = −1/15, v = 15, आणि खाली लिहील "अधिक आलं, म्हणून वास्तव". जे काढायचंय त्याला आधी चिन्ह द्यायचं नसतं, ते सूत्राकडून यायचं असतं. नुसता v ठेवला तर 1/v = 1/10 − 1/6, v = −15: वस्तूच्याच बाजूला, आभासी. M = (−15)/(−6) = +2.5, सुलट आणि अडीचपट.