क्रांतिक तापमानात क्रांती कुठली?

«'क्रांतिक तापमान' यात कसली क्रांती होते? त्याऐवजी 'निर्णायक तापमान' म्हणावं का? आणि पुरेसा दाब दिला की कुठल्याही वायूचा द्रव होतोच ना?»

शेवटचं आधी, कारण ते ऐकून कान किटले आहेत. नाही होत. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरात हवेच्या १५० पट दाबाने भरलेला असतो तो वायूच; हलवून बघा, काही डुचमळत नाही. त्याचं क्रांतिक तापमान उणे ११८ अंश. त्याच्या वर रेणूंची धावपळ एवढी की जवळ आणले तरी परस्परांच्या ओढीने ते एकत्र टिकत नाहीत. वायू दाट होतो, पण त्याला द्रवाचा पृष्ठभाग येत नाही. व्हिएन्नाच्या नाटररने दोन हजार वातावरणांहून अधिक दाब देऊन पाहिला, व्यर्थ. स्वयंपाकघरातला गॅस मात्र दाबाने द्रव होतो, कारण प्रोपेनची ही मर्यादा ९६ अंशांवर आहे.

शब्द दिला बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने, १८६९ साली. काचेच्या जाड नळीत त्याने कार्बन डायऑक्साइड दाबला. ३१ अंशांच्या खाली द्रव आणि त्यावरचा वायू यांच्यातली रेघ स्पष्ट दिसे. तापमान वाढवत नेलं की ती रेघ फिकट होई, तिचा बाक जाई आणि ३१ च्या सुमारास ती विरून जाई. नळीत एकच काहीतरी उरे, आणि त्याला द्रव म्हणावं की वायू, हे सांगता येत नसे.

आता गंमत. 'क्रिटिकल' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'क्रिनेइन' आहे: चाळणं, वेगळं काढणं, आणि त्यावरून न्याय करणं. आपल्याकडे तांदूळ निवडणं आणि भांडणाचा निवाडा, अगदी हीच जोडी! अँड्र्यूजच्या नळीत ३१ अंशांवर नेमकी निवडच थांबते. म्हणून 'निर्णायक' सुचवणाऱ्यांना मी विचारतो, निर्णय कोण करतंय? तिथे तर निर्णय अशक्य होतो.

'क्रांतिक' मुळात ध्वनिसाम्यावरून आला असावा, असा माझा तर्क. पण नशिबाने चांगला लागला. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. संक्रांत, अतिक्रमण, सगळी त्याचीच पिलावळ. बंड हा अर्थ अलीकडचा. उंबरठा ओलांडायचा, एवढंच यात आहे. वैतागवाडी एकच, हा उंबरठा ओलांडल्यावर मागे भिंतही उरत नाही.

अँड्र्यूजच्याच सूचनेप्रमाणे या तापमानाखाली 'बाष्प' आणि वर 'वायू' म्हणावं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांवर, आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरात द्रव असा वेगळा नसतोच. आत कार्बन डायऑक्साइड किती उरलाय हे वजन करूनच कळतं.