उदाहरण सुटसुटीत नको, खरं हवं

प्रश्न: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी संख्याशास्त्राच्या संज्ञांची छोटी यादी करतेय. हॉस्पिटलमधली उदाहरणं कशी निवडू?

ज्या उदाहरणात दोन संज्ञांची उत्तरं सारखी येतात, ते उदाहरण घेऊच नका. यावरून माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी मोठा वाद झाला होता आणि मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे.

आमच्या यादीत त्यांनी उदाहरण दिलं होतं: २, ४, ६, ८, १०. सरासरी ६, मध्यकही ६. मुलींनी पाठ केलं. मग सर्जिकल वॉर्डच्या रजिस्टरमधून सात रुग्णांचे मुक्कामाचे दिवस उतरवायला सांगितले, तर रजिस्टरच्या क्रमाने आकडे आले ५, ३, ४, ३२, ३, ६, ३. एकीने मधला आकडा उचलला आणि लिहिलं, मध्यक ३२ दिवस. सर तिच्यावर चिडले. मी म्हटलं, सर, तुमचे आकडे आधीच चढत्या क्रमाने लावलेले होते, मग आकडे लावून घ्यायचे असतात हे तिच्या हाताला कळणार कुठून?

तेच सात आकडे मी फळ्यावर लावले: ३, ३, ३, ४, ५, ६, ३२. मध्यक ४. सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, म्हणजे बहुलक, ३. बेरीज ५६, म्हणून सरासरी ८. आणि आठ दिवस राहिलेला रुग्ण त्या सातांत एकही नाही! मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेले एक आजोबा ३२ दिवस होते, त्यांनी सरासरी वर ओढली. मध्यक जागचा हलला नाही. हा फरक मुलींना तिथल्या तिथे दिसला, कारण आजोबांचं ड्रेसिंग त्यांनीच केलं होतं.

म्हणून प्रत्येक संज्ञेला नवीन उदाहरण शोधत बसू नका. एकाच वॉर्डचे सात आकडे घ्या आणि तिन्ही नोंदी त्यांच्यावरच लिहा. मध्यकाच्या नोंदीचं पहिलं वाक्य ‘आधी आकडे चढत्या क्रमाने लावा’ हेच ठेवा. पाठ्यपुस्तकातला ‘मध्य’ हा शब्द मात्र टाळा. ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ शेजारी आले की घोळ होतोच. सरळ ‘सरासरी’ लिहा.

सर म्हणायचे, खऱ्या आकड्यांनी मुली गोंधळतात. गोंधळू देत की! वॉर्डात कुठे २, ४, ६, ८, १० असे रुग्ण येतात?

एक मात्र सांगायला हवं. सरासरी टाकाऊ आहे असं मुलींच्या मनात बसवू नका. महिन्याला किती खाटा लागतील हे काढायला सरासरीच हवी: सात रुग्ण, आठ दिवस, ५६ खाट-दिवस. मध्यकाने २८ येतील आणि खाटा कमी पडतील. शिवाय मुक्कामाचे दिवस मोजायची पद्धत एकच ठरवा, डिस्चार्जच्या तारखेतून भरतीची तारीख वजा. नाहीतर दोघींचे आकडे एका दिवसाने चुकतात. आणि यादीत रुग्णाचं नाव किंवा खाट क्रमांक लिहायचा नाही.