साखरपुड्याच्या शुभेच्छा फॉरवर्डसारख्या वाटू नयेत म्हणून काय लिहू?

जिवलग मित्राचा साखरपुडा ठरलाय. काहीही लिहिलं तरी कुठून तरी उचलल्यासारखं वाटतंय. काय करू?

लिहून झालं की त्यातलं नाव बदलून बघा. दुसऱ्या कुणालाही तोच मेसेज चालत असेल तर पुसून टाका. 'लक्ष्मीनारायणाचा जोडा' तिथंच गळतो. (आणि 'नांदा सौख्यभरे' लग्नासाठी ठेवा की!)

साताऱ्यातल्या माझ्या मित्राला मीही आधी असलंच लिहिलं होतं. ते पुसून हे पाठवलं:

"यवतेश्वरच्या घाटात गाडी पंक्चर झाली तेव्हा म्हणाला होतास, लग्नबिग्न आपल्याला जमायचं नाही. परवा फोनवर तिच्याबद्दल बोलताना तुझा आवाजच बदलला होता, लेका. लय बरं वाटलं. वहिनींना कधी भेटवतोस? कंदी पेढे माझ्याकडून."

यात एक जुनी आठवण आहे, आत्ता त्याच्यात दिसलेला एक बदल आहे आणि उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न आहे. त्यातला बदल सर्वात महत्त्वाचा, कारण तो जवळच्यालाच दिसतो. विशेषणं जवळपास नाहीतच.

फक्त हे ग्रुपवर टाकू नका, त्यालाच पाठवा. ग्रुपवर सासरची मंडळीही असू शकतात. आणि जुन्या प्रेमप्रकरणाची आठवण कितीही भारी असली तरी नको.