शून्य टक्के हप्त्यात व्याज किती लपलंय, ते कसं काढायचं?

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात फ्रिज ३६,००० ला आहे. शून्य टक्के व्याज, ३,००० चे १२ हप्ते, प्रोसेसिंग फी जीएसटी धरून ५९०. रोख घेतला तर २,४०० कमी करतो म्हणतात. मग यात व्याज किती पडतं?

उत्तर:

वर्षाला साधारण १६.३ टक्के.

३६,००० हा आकडा आधी डोक्यातून काढा. रोख देणाऱ्याला फ्रिज ३३,६०० ला मिळतो, म्हणजे त्याची किंमत तेवढीच. त्यातून तुम्ही ५९० सुरुवातीलाच भरताय. म्हणजे तुम्हाला खरं कर्ज मिळालं ३३,०१० आणि फेडायचे ३६,०००. वरचे २,९९० हे व्याज.

आता बरेच जण २,९९० ला ३३,०१० ने भागतात आणि "नऊच टक्के की!" म्हणून सही करतात. पण ते ३३,०१० वर्षभर तुमच्याकडे राहतात कुठे? दर महिन्याला ३,००० परत जातात. सरासरी काढली तर निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम वर्षभर वापरायला मिळते, म्हणून दर जवळजवळ दुप्पट निघतो. मोबाइलवर गूगल शीट्स उघडा आणि एका चौकटीत हे टाका:

```
=RATE(12,-3000,33010)*12
```

उत्तर ०.१६३ येईल. हप्त्याच्या आधीचं उणे चिन्ह विसरलात तर एरर येते. फी नसती तर हाच दर १२.९ असता, ५९० रुपये किरकोळ वाटतात, पण तेवढ्यानेच तीन टक्क्यांहून जास्त वाढ झाली.

पहिला हप्ता दुकानातच घेणार का, हेही विचारा. घेत असतील तर हातात कर्ज ३०,०१० आणि हप्ते उरले ११:

```
=RATE(11,-3000,30010)*12
```

दर थेट १९.४ टक्के.

कर्जाच्या कागदांत वार्षिक दर छापलेला असतो, पण त्यावर विसंबू नका. त्यात फी धरलेली असते खरी, पण दुकानदाराने रोखीवर सोडलेले २,४०० कर्ज देणाऱ्याच्या हिशेबात येतच नाहीत. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलंय.

या सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे रोखीचा भाव, आणि घोळ तिथेच होतो. हप्त्यांचा विषय काढण्याआधी तो विचारा: "पक्क्या जीएसटी बिलासह, आत्ता यूपीआयने दिले तर शेवटचा भाव काय?" बिल न देता सांगितलेला भाव हिशेबात धरू नका. विम्याचे किंवा ईएमआय कार्डाचे पैसे जोडले असतील तर तेही ५९० सारखेच कर्जातून वजा करा. रोखीवर एक रुपयाही सुटत नसेल आणि फीही नसेल, तर मात्र हप्ते खुशाल घ्या. तिथे तुमच्यापुरतं शून्य म्हणजे शून्यच.