विभागप्रमुखांना डावलून नव्हे, सांगून भेटा

प्रश्न: सातपूरच्या कारखान्यात विभागप्रमुखांचा मान राखून ऑपरेटरांशी थेट कसे बोलावे?

भेटीची तारीख आणि विषय विभागप्रमुखांना आधी स्वतः सांगा, आणि सर्व विभागांना पाळीपाळीने बोलवा. एकाच विभागाला बोलावले तर ती चौकशी वाटते. खरी कसोटी मात्र बैठकीतच लागते. आमच्या अंबडच्या कारखान्यात एका ऑपरेटरने रात्रपाळी बदलून मागितली आणि मोठ्या साहेबांनी जागीच होकार दिला. महिनाभरात लोक रजाही थेट त्यांच्याकडेच मागू लागले. अशा वेळी ‘हे तुमच्या विभागप्रमुखांशी बोललात का?’ असे विचारून निर्णय विभागप्रमुखांकडेच ठेवावा, आणि नंतर कोणाचेही नाव न घेता मुद्दे त्यांना कळवावेत. छळाची किंवा सुरक्षिततेची तक्रार असेल, तर मात्र ती परत पाठवू नये. स्वतः हाती घ्यावी.