कर्जाच्या तथ्यपत्रकाचे मराठी भाषांतर : जबाबदारी कोणाची?

प्रश्न : घरदुरुस्तीसाठी माझे वडील एका वित्त कंपनीकडून तीन लाखांचे कर्ज घेत आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. कंपनीने ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ इंग्रजीत दिले आणि मराठी प्रत मागितली तेव्हा शाखेतून सांगितले, की तुम्हीच भाषांतर करून त्यांना समजावा आणि सही घेऊन या. मी भाषांतर केले आहे, पण व्याजाचा प्रकार, शुल्क आणि दंड या रकान्यांत चूक तर झाली नाही ना, अशी धास्ती वाटते. पुढे वाद झाला तर माझे भाषांतर ग्राह्य धरतील का?

उत्तर : आपण केलेले भाषांतर कंपनीवर बंधनकारक होत नाही, आणि ते करून देण्याची जबाबदारीही आपली नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी हे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहून देणे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगणे आणि तो समजल्याची पोच घेणे, ही तिन्ही कामे कर्ज देणाऱ्या संस्थेची आहेत. म्हणून कंपनीकडे लेखी अर्ज करून मराठी विवरणपत्र मागा. त्यावर इंग्रजी प्रतीवरचाच प्रस्ताव क्रमांक, कंपनीचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असली पाहिजे. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात हे विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते आणि त्या काळात मान्यता दिल्यास त्यातील अटी कंपनीला पाळाव्या लागतात. त्यामुळे “आजच सही करा” या आग्रहापुढे झुकण्याचे कारण नाही. आपले भाषांतर मात्र जपून ठेवा, कारण कंपनीची मराठी प्रत तपासायला तेच उपयोगी पडेल.

आता आपण पाठवलेल्या दोन्ही प्रतींविषयी. व्याजाच्या रकान्यात इंग्रजी प्रतीत ‘हायब्रिड’ असे लिहिले असून पहिले बारा महिने दर स्थिर आणि नंतर बदलता आहे. आपण तेथे केवळ “१४ टक्के स्थिर” असे लिहिले आहे. याचा अर्थ कर्जाच्या मुदतीचे छत्तीसही महिने हप्ता तोच राहील असा होतो आणि वडील तेच गृहीत धरतील. मराठी प्रतीत हे दोन टप्पे वेगळ्या वाक्यांत यायला हवेत. दुसऱ्या टप्प्यासाठी संदर्भ दर, म्हणजे ज्याच्याशी व्याज जोडलेले असते तो दर, कोणता, त्यावर कंपनी किती टक्के अधिक लावणार, दर किती महिन्यांनी बदलणार आणि पाव टक्क्याचा बदल झाल्यास हप्ता किंवा हप्त्यांची संख्या किती बदलेल, हे चारही तपशील रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या विवरणपत्राच्या नमुन्यातच मागितलेले आहेत. उदाहरणार्थ, तेरावा महिना लागताना सुमारे दोन लाख साडेतेरा हजार मुद्दल शिल्लक असेल. तेव्हा दर १४ वरून १४.२५ झाला तर १०,२५३ रुपयांचा हप्ता सुमारे २५ रुपयांनी वाढेल. रक्कम लहान आहे, पण ती रुपयांत दिसली तरच वडिलांना दराची हालचाल कळेल. “१४.२५ होईल” असेच लिहावे, “०.२५ टक्क्यांनी वाढेल” असे लिहू नये, कारण त्या वाक्याचे दोन अर्थ निघतात.

शुल्काच्या रकान्यात कंपनीला मिळणारी रक्कम आणि कंपनीमार्फत दुसऱ्याला जाणारी रक्कम वेगवेगळी दाखवावी लागते. आपल्या प्रतीत प्रक्रिया शुल्क वस्तू व सेवा करासह ७,०८० रुपये आणि विमा ५,४०० रुपये आहे. ही रक्कम आधीच कापली गेली, तर हातात २,८७,५२० रुपये येतील, मात्र हप्ते तीन लाखांवरच भरावे लागतील. हा खर्च धरून येणारा वार्षिक एकूण दर सुमारे १७ टक्के होतो, आणि इंग्रजी प्रतीतही तोच आहे. आपण १४ आणि १७ हे दोन्ही आकडे “व्याजदर” या एकाच नावाखाली लिहिले आहेत. ते वेगळे करावे लागतील : १४ हा व्याजाचा दर, तर १७ हा शुल्क आणि विमा धरून येणारा कर्जाचा एकूण वार्षिक खर्च. येथे एक कायदेशीर आधारही लक्षात घ्यावा, की विवरणपत्रात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही. म्हणूनच “इतर लागू शुल्क” असा मोघम रकाना मराठी प्रतीत स्वीकारू नये.

सर्वांत अधिक काळजी दंडाच्या ओळीची आहे. इंग्रजीत “थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के” असा अर्थ आहे, की “शिल्लक रकमेवर दरमहा दोन टक्के” असा, यावर सारा हिशेब अवलंबून आहे. तेथे वापरलेल्या ‘आउटस्टँडिंग’ या शब्दाचा अर्थ आपण “थकबाकी” असा केला आहे. पण त्याचा अर्थ शिल्लक मुद्दल असाही होतो. एक हप्ता महिनाभर थकला, तर पहिल्या अर्थाने दंड सुमारे २०५ रुपये, आणि अडीच लाख मुद्दल शिल्लक असताना दुसऱ्या अर्थाने ५,००० रुपये होईल. संदिग्ध कलमाचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असे तत्त्व न्यायालयात मांडता येते, पण तेथवर जाण्यापेक्षा सहीपूर्वीच कंपनीकडून “फक्त वेळेत न भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर” हे शब्द लिहून घ्यावेत. आपण वापरलेला “दंडव्याज” हा शब्दही काढून “दंडात्मक शुल्क” असे लिहावे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्यावर पुढे व्याजही आकारता येत नाही. इंग्रजी ओळीत दंडावर वस्तू व सेवा कर लिहिला आहे, तोही आक्षेपार्ह आहे, कारण अशा दंडावर तो कर देय नसल्याचा खुलासा जानेवारी २०२५ मध्ये झालेला आहे.

मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास चार टक्के शुल्क, हे कलम सरसकट लिहिलेले आहे. हे कर्ज घरदुरुस्तीसाठी व्यक्तीने घेतलेले, म्हणजे व्यवसायाबाहेरचे आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणारे असे कर्ज फेडताना दर बदलता असेल, तर असे शुल्क घेता येत नाही. दोन टप्प्यांच्या कर्जात फेडीच्या वेळी कोणता टप्पा चालू आहे, हे पाहिले जाते. म्हणून चार टक्के पहिल्या बारा महिन्यांपुरतेच राहतील आणि मराठी प्रतीत तसे स्पष्ट लिहिलेले असावे.

कराराच्या शेवटी “इंग्रजी मजकूर अंतिम मानला जाईल” असे कलम असेल, तर केवळ मराठी प्रत दुरुस्त करून भागणार नाही. वरील बदल इंग्रजी विवरणपत्रातही करून घ्यावेत, कारण अधिकाऱ्याने तोंडी दिलेले आश्वासन लेखी कराराविरुद्ध पुरावा म्हणून टिकणे कठीण असते. मराठी प्रत मिळेपर्यंत “मला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगितले” या पोचेवर वडिलांनी सही करू नये. कंपनीने नकार दिला किंवा तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर अर्जाची पोच आणि दोन्ही प्रती जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार नोंदवावी.