काफ स्लीव्ह घेताना आधी मापाची टेप लावा

दादा, उपवनला पळायला लागलास, छान. पण पोटरीवर चढवायची, दाब देणारी काफ स्लीव्ह टी-शर्टच्या साइजवरून मागवू नकोस. सकाळी, पळायच्या आधी, उभं राहून पोटरीच्या सगळ्यात जाड भागाला टेप गुंडाळ. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतायला नको. दोन्ही पाय मोज, बऱ्याचदा अर्धा-एक सेंटीमीटर फरक निघतो.

माझी पोटरी ३८ भरली. चार्टवर एम ३४ ते ३८ आणि एल ३८ ते ४२ होतं. "घट्ट तेवढं चांगलं" म्हणून मी एम घेतली. पाचव्या किलोमीटरला पावलाला मुंग्या आल्या, काढली तर गुडघ्याखाली खोल लाल वळ. पळताना पोटरी फुगते, आणि वरची पट्टी तिथेच आवळते. खरं तर दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी हवा, म्हणजे रक्त वर सरकायला मदत होते. वरूनच आवळलं तर ते खाली साठतं. त्यामुळे माप सीमेवर आलं तर मोठी साइज घे.

घातल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोड. गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परतला नाही, बोटं बधिर किंवा निळसर वाटली, तर लगेच काढ. मधुमेह किंवा पायाच्या रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.